विक्री कराराचा मसुदा मेलवर पाठवताना दंड, वॉरंटी आणि वादाची कलमं कशी तपासून घ्यावीत

कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ऑफिसचं काम नुकतंच हाती घेतलेल्या माणसाला मालक एके दिवशी सांगतात, "त्या वाईच्या पार्टीला कराराचा मसुदा मेल करून टाक. आणि महत्त्वाची कलमं जरा हायलाइट कर." मग फाइल उघडली जाते, पिवळा रंग निवडला जातो आणि अर्धा करार पिवळा होतो. समोरचा फाइल उघडतो, वरवर खाली सरकवतो आणि "ओके" पाठवतो. त्यानं काय वाचलं आणि कशाला होकार दिला, हे ना त्याला नक्की ठाऊक असतं ना तुम्हाला.

ज्या ओळीवर समोरच्याकडून उत्तर हवंय, तेवढीच रंगवायची आणि शेजारी प्रश्न लिहायचा. नुसता रंग दिला तर समोरचा मान हलवतो. प्रश्न विचारला तर आकडा सांगतो. हे काम कसं करायचं ते एका व्यवहाराच्या आधारानं पाहू. हा व्यवहार कल्पित आहे, पण अशाच धर्तीचे करार आपल्याकडे रोज होतात.

विकणारा कुपवाडचा, हळद पॉलिश करायचं मशीन बनवणारा. घेणारा वाईचा, हळद पावडरचा छोटा कारखाना असलेला. जाळीचा ड्रम, गिअरबॉक्स आणि ५ एचपीची थ्री-फेज मोटार धरून मशीनची किंमत ६,४०,००० रुपये, जीएसटी वेगळा. ॲडव्हान्स ४० टक्के म्हणजे २,५६,०००, माल निघण्याआधी ५० टक्के म्हणजे ३,२०,००० आणि वाईला मशीन बसवून चाचणी झाल्यावर उरलेले ६४,०००. मशीन ३१ जानेवारी २०२६ पर्यंत पोचवायचं. तारीख महत्त्वाची अशासाठी, की जानेवारीअखेरपासून हळद काढणीला येते. शिजवून वाळवलेला माल त्यानंतर पॉलिशला लागतो. मशीन एप्रिलमध्ये पोचलं तर घेणाऱ्याचा हंगाम बाहेरच्या पॉलिशवाल्याच्या दारात गेलेला असतो.

आधी फाइल धड करा

सांगली-साताऱ्याकडे मराठी करार बऱ्याचदा डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणतात आणि तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. त्याच्या संगणकावर सगळं सुरेख दिसतं, पण वाईला फाइल उघडली की "दंडाची रक्कम" या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. मोबाइलवर तर हमखास. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच हवा. खात्री करायची सोपी रीत म्हणजे फाइलमधली एक ओळ कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर चिकटवून बघायची. तिथं मराठी दिसली की युनिकोड आहे. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून बदलून घेतला असेल तर रफार, जोडाक्षरं आणि विशेषतः आकडे मूळ प्रिंटशी ताडून पाहा. ०.५ मधला टिंब हरवला की दंड दहापट होतो.

दुसरी गोष्ट जुन्या फाइलची. बहुतेक करार आधीच्या गिऱ्हाइकाच्या करारावरून बनतात. त्या फाइलमध्ये जुन्या पार्टीच्या टिपा, लपलेल्या दुरुस्त्या, कधी जुना भावसुद्धा बसलेला असतो. वर्डमध्ये फाइलची एक प्रत करा आणि त्या प्रतीवर `File > Info > Check for Issues > Inspect Document` चालवा. टिपा आणि जुन्या दुरुस्त्या सापडल्या तर काढून टाका. हे हायलाइट करण्याआधीच करायचं, नाहीतर तुमच्या नव्या टिपाही त्याच झाडूत जातील.

फाइलच्या नावात मसुद्याचा क्रमांक आणि तारीख ठेवा. `final`, `final2`, `final_navin` अशी नावं दुसऱ्या आठवड्यात कुणालाच उलगडत नाहीत.

```
HaladPolish_Karar_M1_2025-11-03.docx
```

रंग कमी, प्रश्न नेमका

तीन विषयांना तीन रंग पुरेत. दंडाला पिवळा, वॉरंटीला हिरवा, वादाला निळसर. गडद निळा किंवा लाल नको, खालची अक्षरं वाचता येत नाहीत. वर्डमध्ये हे `Home` मधल्या `Text Highlight Color` नं होतं.

पण रंगावर विसंबून राहू नका. वाईचे साहेब फाइल मोबाइलवर बघतील, त्यांचे वकील काळी-पांढरी प्रिंट काढतील आणि तुमचे तिन्ही रंग एकच करडा पट्टा होतील. म्हणून प्रत्येक रंगवलेल्या जागी मजकुरातच चौकटी कंसात खूण टाका: [तपासा-१], [तपासा-२]. फोनवर बोलताना "ते पिवळं बघा" यापेक्षा "तपासा-तीन बघा" म्हणणं कधीही सोपं.

पूर्ण कलम रंगवू नका. दंडाच्या कलमात आठ ओळी असतील तर टक्का, मर्यादा आणि दिवस कुठून मोजायचे ते शब्द एवढंच रंगवा. मग तेवढा भाग निवडून `Review > New Comment` नं टीप जोडा. टिपेत "कृपया पाहावे" लिहून काही मिळत नाही. टिपेत तीन गोष्टी याव्यात: आम्ही काय लिहिलंय, त्याचा रुपयांत अर्थ काय, आणि तुमच्याकडून काय हवंय.

शेवटी `Review > Restrict Editing` मध्ये जाऊन फक्त `Tracked changes` ला परवानगी द्या आणि पासवर्ड घाला. समोरच्यानं एक शून्य जरी बदललं तरी ते खूण होऊन दिसतं. यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. हे आपण का केलं ते मेलमध्ये एका ओळीत सांगितलं की कुणी मनावर घेत नाही.

दंडाचं कलम

आपल्या मसुद्यात असं लिहिलंय असं धरा:

> विक्रेत्याच्या कारणाने मशीन पोचण्यास उशीर झाल्यास उशिराच्या दर पूर्ण आठवड्यासाठी किमतीच्या ०.५ टक्के रक्कम वजा केली जाईल. ही वजावट किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक होणार नाही.

किंमत ६,४०,००० म्हणजे आठवड्याला ३,२०० रुपये आणि मर्यादा ३२,००० रुपये. ही मर्यादा दहा आठवड्यांनी गाठली जाते. आता मशीन २७ फेब्रुवारीला पोचलं असं समजा. उशीर २७ दिवसांचा, म्हणजे तीन पूर्ण आठवडे आणि वर सहा दिवस. "पूर्ण आठवडा" असं लिहिलं असेल तर वजावट ९,६००. त्याऐवजी "आठवडा किंवा त्याचा भाग" असं असेल तर चार आठवडे धरून १२,८००. घेणाऱ्याच्या वकिलांनी "दररोज १ टक्का, मर्यादा नाही" असं सुचवलं तर तेच २७ दिवस १,७२,८०० रुपयांना पडतात. एवढ्यात बहुतेक विक्रेत्यांचा नफा संपून भांडवलाला हात लागतो. टिपेत हे तिन्ही आकडे मांडले की चर्चा टक्क्यांवरून रुपयांवर येते, आणि रुपयांवर आली की लवकर मिटते.

कायद्याचं एवढंच लक्षात ठेवा. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते. वाद कोर्टात गेला तर त्या मर्यादेच्या आत जी वाजवी भरपाई ठरेल ती मिळते, लिहिलेला आकडा आपोआप पदरात पडत नाही. कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये सांगितलं की नुकसान झालेलंच नसेल तर या कलमाखाली भरपाई नाही. म्हणून भला मोठा दंड लिहून घेणाऱ्याचा फायदा होतोच असं नाही. उलट दंडाचा आकडा कुठून आला हे कलमातच लिहिलेलं बरं: "हंगामात माल बाहेरून पॉलिश करून घेण्याच्या जादा खर्चाचा हा उभयपक्षी अंदाज आहे." ही एक ओळ दोघांनाही उपयोगी पडते. ॲडव्हान्स जप्त करण्याचं कलम घालणार असाल तर त्यालाही हेच कलम ७४ लागतं.

या कलमात दोन ठिकाणी आणखी रंग हवा. पहिली जागा म्हणजे घड्याळ कधी थांबतं. घेणाऱ्यानं ॲडव्हान्स आठ दिवस उशिरा दिला, किंवा पाया कुठं घालायचा ते नकाशावर कळवायला वेळ लावला, तर पोचवायची तारीख तेवढीच पुढं जाते का? विक्रेत्याच्या मसुद्यात हे लिहायचं राहून जातं आणि मग फोनवर "तुमच्यामुळंच उशीर" हा खेळ सुरू होतो. दुसरी जागा म्हणजे मर्यादा संपल्यावर काय. दहा आठवडे उलटले, ३२,००० कापून झाले, मशीन अजून वर्कशॉपमध्येच आहे. आता घेणाऱ्याला करार रद्द करून ॲडव्हान्स परत मागता येईल का, आणि किती दिवसांत? हे विचारलंच नाही तर समोरच्याला वाटतं की विक्रेता ३२,००० मोजून कायमचा मोकळा.

उलट बाजूचा दंडही याच रंगात दाखवा. उरलेले ६४,००० रुपये थकले तर काय? विक्रेता उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करारात पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तुम्ही "साठ दिवसांत" लिहिलं असेल तर टिपेत सांगून दुरुस्त करा.

वॉरंटीचं कलम

"एक वर्ष वॉरंटी" या तीन शब्दांवर आपल्याकडे लाखोंचे व्यवहार होतात. पण हळदीचं मशीन वर्षातले तीन-चार महिनेच चालतं. मे महिन्यात बसवलेलं मशीन पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ताडपत्रीखाली असतं आणि खरी कसोटी सुरू होते तेव्हा वॉरंटीचे जेमतेम तीन महिने उरलेले असतात. घेणाऱ्याला म्हणून "दोन हंगाम" हवे असतात आणि विक्रेत्याला निश्चित तारीख. मसुद्यात बहुधा असं असतं:

> मशीन बसवून चाचणी झाल्यापासून १२ महिने, किंवा विक्रेत्याच्या कारखान्यातून निघाल्यापासून १५ महिने, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत वॉरंटी राहील.

यातले दोन्ही आकडे आणि "जे आधी संपेल" हे शब्द रंगवा. टिपेत तारखा घालून दाखवा. मशीन ३१ जानेवारीला निघालं आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बसलं तर पूर्ण बारा महिने मिळतात. पण वाईच्या शेडला वीजजोड जुलैअखेर मिळाला तर पंधरा महिन्यांची मुदत पुढच्या वर्षी एप्रिलअखेर संपते आणि हातात नऊच महिने राहतात. हे आत्ताच दिसलं तर घेणारा शेड वेळेत उभं करतो किंवा पंधराचे अठरा मागतो. दोन्ही ठीक. पुढच्या वर्षी कळलं तर मात्र भांडण ठरलेलं.

मग काय वॉरंटीत नाही ते. जाळी, व्ही-बेल्ट आणि बेअरिंग हे झिजणारे भाग, ते बहुतेक विक्रेते वगळतात. मोटार आणि गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचे, त्यांना त्या कंपनीचीच वॉरंटी. ती मिळवायला धावपळ कुणी करायची, विक्रेत्यानं की घेणाऱ्यानं, हे कलमात नसतं. तिथं प्रश्न टाका.

मोटार जळण्याबद्दल वेगळी टीप लिहाच. आपल्या भागातलं हे नेहमीचं दुखणं आहे. तीनपैकी एक फेज जाते, मोटार उरलेल्या दोनवर चालत राहते, जादा करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. विक्रेता म्हणतो विजेचा दोष, घेणारा म्हणतो मोटारच हलकी. खरं तर रिवाइंडिंगवाला मोटार उघडून बरंच सांगू शकतो. फेज गेल्यानं जळलेल्या मोटारीत वाइंडिंगचे काही गट काळे पडलेले आणि बाकीचे धड दिसतात. ओव्हरलोडनं जळालेलं वाइंडिंग सगळीकडून सारखंच करपलेलं असतं. म्हणून कलमात दोन ओळी घालाव्यात: सिंगल फेज प्रिव्हेंटर कुणी बसवायचा, आणि मोटार जळाल्यास उभयपक्षी मान्य रिवाइंडरकडून उघडून, फोटो काढून मगच ठरवायचं. प्रिव्हेंटर स्टार्टरच्या पेटीत बसतो. मशीनच्या किमतीपुढं त्याचा खर्च काहीच नाही, त्यामुळं तो विक्रेत्यानंच देऊन टाकावा असं माझं मत. त्यातून एक वाद मुळातूनच जातो.

क्षमतेचा आकडा हीसुद्धा वॉरंटीच असते, तो दुसऱ्या पानावरच्या तपशिलात लपलेला असला तरी. "एका घाण्याला ५०० किलो" असं लिहिलं असेल तर कुठली हळद, किती वाळलेली, किती मिनिटं हे सांगायला हवं. ओलसर हळकुंडावर चकाकी येत नाही आणि मशीन पास होत नाही. चाचणी कुणाच्या मालावर होणार आणि ओलावा किती टक्क्यांच्या आत हवा, ते रंगवून विचारा. इथं १९३० चा माल विक्री कायदा लक्षात ठेवावा. घेणाऱ्यानं कशासाठी मशीन हवंय ते सांगितलं आणि विक्रेत्याच्या कसबावर भरवसा ठेवून घेतलं, तर त्या कामाला ते योग्य असलंच पाहिजे, हे कलम १६ प्रमाणे गृहीत असतं. ते गृहीतक करारानं बाजूला ठेवता येतं, तशी मोकळीक कलम ६२ मध्ये आहे. तुमच्या मसुद्यात "याव्यतिरिक्त कोणतीही हमी नाही" असं वाक्य असेल तर ते नेमकं हेच करतं. ते मुद्दाम रंगवा आणि समोरच्याला दाखवा. लपवून ठेवलेलं असं वाक्य नंतर सापडलं की पुढचा व्यवहार बंद होतो.

आणि दुरुस्ती होऊनही दोष राहिला तर? कायद्यात नुसत्या वॉरंटीच्या भंगासाठी भरपाई मिळते, माल परत करता येत नाही. घेणाऱ्याला मशीन परत करण्याचा हक्क हवा असेल तर "तोच दोष दोनदा दुरुस्त करूनही आला तर" अशा शब्दांत तो लिहूनच घ्यावा लागतो.

वादाचं कलम

मसुद्याच्या शेवटच्या पानावर हे कलम असतं आणि तिथवर पोचेपर्यंत वाचणारा दमलेला असतो. म्हणून मेलमध्ये याचा उल्लेख आधी करावा.

पहिला प्रश्न गावाचा. करार सांगलीत झाला, मशीन कुपवाडला बनलं, पैसे तिथं आले. पण मशीन बसलं वाईत. त्यामुळं सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतल्या कोर्टांना अधिकार पोचतो. अशा वेळी दोघांनी मिळून एक गाव निवडता येतं आणि ते कोर्ट मानतं. पण ज्या गावाचा व्यवहाराशी संबंधच नाही, तिथल्या कोर्टाला करारानं अधिकार देता येत नाही. कुणाच्या तरी जुन्या करारातून उचललेलं "फक्त मुंबई न्यायालय" हे वाक्य आपल्या मसुद्यात बसत नाही. बिलबुकावर खाली छापलेली सांगली न्यायक्षेत्राची ओळ करारातल्या गावाशी जुळते का, तेही पाहा. करारात सातारा आणि बिलावर सांगली असेल तर पहिली सहा महिन्यांची भांडणं गावावरूनच होतात.

दुसरा प्रश्न लवादाचा. बऱ्याच तयार नमुन्यांत "विक्रेता नेमेल त्या एकमेव लवादाकडे" असं असतं. ते चालत नाही. निकालात हितसंबंध असलेल्या पक्षानं एकट्यानं लवाद नेमू नये, हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन खटल्यात स्पष्ट केलं. "दोघांच्या संमतीनं एक लवाद, बैठकीचं ठिकाण सांगली" असं लिहा. पण सहा-सात लाखांच्या मशीनसाठी लवाद परवडतो का, हा प्रश्न टिपेत जरूर टाका. लवादाची फी, वकील, हेलपाटे मोजले तर ६४,००० च्या वादात हाती काही उरत नाही. माझा कल असा की एवढ्या व्यवहाराला लवाद नको. आधी लेखी तक्रार, मग पंधरा दिवसांत समोरासमोर बैठक, तिथं मिटलं नाही तर ठरलेल्या गावचं कोर्ट.

कोर्टात गेलं तरी, दावा ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल तर तो व्यावसायिक न्यायालय कायद्याखाली येतो आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीचा टप्पा पार करावाच लागतो. विक्रेता सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर थकीत पैशांसाठी त्याला एमएसएमईच्या सुविधा परिषदेकडेही जाता येतं, करारात लवादाचं कलम असलं तरी. हे घेणाऱ्याला आधीच माहीत असलेलं बरं.

तिसरी जागा बारीक आहे. "तक्रार ईमेलनं दिली तरी चालेल" असं लिहिताना कुठला मेल पत्ता, ते लिहा. बऱ्याच फर्मचा जीमेल मालकाच्या मुलाच्या मोबाइलवर असतो आणि मुलगा पुण्याला शिकायला असतो.

मेल लिहिताना

`To` मध्ये निर्णय घेणारा माणूस, `Cc` मध्ये दोन्हीकडचे वकील किंवा सीए. बँक खात्याचा तपशील मेलच्या मजकुरात घालू नका. कराराच्या नावाखाली खातं क्रमांक बदलून पाठवणारे भामटे असतात. तो प्रत्यक्ष किंवा ओळखीच्या नंबरवर बोलून पक्का करायचा.

फाइल दोन प्रतींत जोडा: वर्डची, दुरुस्तीसाठी, आणि पीडीएफ, मोबाइलवर वाचण्यासाठी. पीडीएफमध्ये टिपा दिसतायत का ते पाठवण्याआधी उघडून बघा. मजकूर साधारण असा:

> विषय: हळद पॉलिश मशीन – विक्री करार मसुदा १ – आपले अभिप्राय १० नोव्हेंबरपर्यंत
>
> नमस्कार साहेब,
>
> फोनवर ठरल्याप्रमाणे कराराचा मसुदा १ सोबत जोडला आहे. आपण सगळा वाचावाच, पण सहा जागी आपलं नेमकं उत्तर हवं आहे. त्या जागी रंग आणि [तपासा] अशी खूण आहे.
>
> तपासा-१ व २ (दंड, कलम ७): आठवड्याला ०.५ टक्के, म्हणजे ३,२०० रुपये, मर्यादा ३२,०००. ही मर्यादा मान्य आहे का? मर्यादा संपल्यावर करार रद्द करण्याची मुदत किती असावी?
>
> तपासा-३, ४ व ५ (वॉरंटी, कलम ९): १२/१५ महिन्यांची मुदत, सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि चाचणीच्या हळदीचा ओलावा. आपलं शेड व वीजजोड केव्हापर्यंत तयार होईल?
>
> तपासा-६ (वाद, कलम १४): सांगली न्यायालय, लवाद नाही. सातारा हवं असल्यास कळवावं.
>
> बदल वर्डच्या फाइलमध्येच करावेत. काय बदललं ते दोघांना दिसावं म्हणून दुरुस्तीची खूण चालू ठेवली आहे.
>
> हा मसुदा केवळ चर्चेसाठी आहे. दोन्ही पक्षांच्या सह्या होईपर्यंत या मेलमुळे किंवा त्यावरील उत्तरांमुळे कोणताही करार झाला असं मानू नये.

शेवटचं वाक्य गाळू नका. सही नसली म्हणजे करार नाही, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे आणि ती चुकीची आहे. ट्रायमेक्स आणि वेदांत ॲल्युमिनियम यांच्यात बॉक्साइटच्या विक्रीवरून झालेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये ईमेलवर झालेली देवघेवच पक्का करार मानली; औपचारिक कागद व्हायचा होता यानं फरक पडला नाही. त्याच कारणानं "ओके, कामाला लागा" असं उत्तर सहज पाठवू नका, आणि सही होण्याआधी ॲडव्हान्स घेऊन पत्रा कापायलाही सुरुवात करू नका. वागण्यातूनही होकार दिला जातो.

उत्तर आल्यावर

उत्तर क्वचितच मागितलं तसं येतं. कुणी प्रिंटवर पेनानं लिहून फोटो धाडतो, कुणी व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवतो: "अहो, ते सातारा करा की, सांगलीला कोण हेलपाटे घालणार! बाकी सगळं बरोबर आहे." ते ऐकून घ्या आणि त्याच दिवशी त्याच मेलच्या साखळीत लिहून परत पाठवा: "आज आपल्या बोलण्याप्रमाणे तपासा-६ मध्ये सातारा न्यायालय करत आहोत. तपासा-१ ते ५ बद्दल 'बरोबर आहे' म्हणजे मसुदा १ प्रमाणे मान्य, असं समजतो. तसं नसल्यास कळवावं." 'बाकी सगळं' या शब्दांवर विसंबून मसुदा २ करू नका. विशेषतः शेडच्या तारखेचं उत्तर आलेलं नसताना.

वर्डची फाइल परत आली तर दुरुस्त्या बघण्याआधी तिची आणि मसुदा १ ची प्रत करा, प्रतींवरचं `Restrict Editing` पासवर्ड देऊन काढा आणि ती `Review > Compare` मध्ये तुमच्या मसुदा १ शी लावा. कुणी पीडीएफवरून मजकूर नव्यानं टाइप करून पाठवला असेल तर खुणा दिसत नाहीत, पण तुलनेत फरक उघडा पडतो. एखादा बदल तुम्हाला मान्य नसेल तर तो गुपचूप पुसू नका. टिपेखाली कारण लिहा आणि खूण तशीच ठेवून मसुदा २ पाठवा. ज्या जागा मिटल्या त्यांचा रंग काढा, उरलेल्यांचा ठेवा. मसुदा ३ पर्यंत पानावर एखाद-दुसराच रंग उरला पाहिजे.

मेल डिलीट करू नका, दोन्ही बाजूंचे. पुढं कधी पुरावा म्हणून दाखवायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, म्हणून मूळ मेल खात्यात हवा.

सगळं ठरलं की `Restrict Editing` मध्ये `Stop Protection` दाबून पासवर्ड द्या, मग `Accept All Changes and Stop Tracking`, टिपा काढा, [तपासा] च्या खुणा शोधून पुसा आणि पूर्ण फाइल निवडून हायलाइटला `No Color` द्या. कलमांचे क्रमांक पुन्हा तपासा. मध्ये एक कलम वाढलं की "कलम ९ मध्ये सांगितल्याप्रमाणे" हे वाक्य भलत्याच कलमाकडं बोट दाखवतं. शेवटच्या पानावर "यापूर्वीचे सर्व मसुदे व त्यासंबंधीचा पत्रव्यवहार या कराराने रद्द समजावा" ही ओळ घाला. पीडीएफ करून तीच स्टॅम्प पेपरच्या प्रिंटसाठी वापरा आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. दंडाच्या आणि वॉरंटीच्या पानांवर आकडा पेनानं खोडलेला असेल तर खोडाखोडीशेजारीही दोघांच्या सह्या हव्यात. मग सही झालेली प्रत स्कॅन करून त्याच मेलच्या साखळीत पाठवा आणि दुसऱ्या दिवशी ॲडव्हान्सची पावती फाडा.